ताप्तीत सोडलेली वही

आमच्या आबांच्या खात्यात एका वर्षात अठरा लाख रुपये रोख भरले गेले आणि त्यातला एक रुपयाही आबांचा नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं ते कुणी धड मानलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील, पोस्टातून रिटायर झालेले. पेन्शन इतकी बेताची की कर लागायचा प्रश्नच नाही, म्हणून त्यांनी जन्मात कधी रिटर्न भरलं नव्हतं. आमच्या समाजाची सामूहिक लग्नं होतात दोन-तीन वर्षांनी, त्याचे ते खजिनदार. समितीची नोंदणी नाही, पॅन कार्ड नाही, त्यामुळं बँक तिच्या नावानं खातं उघडेना. समितीचे अध्यक्ष, बहादरपूरचे केळीवाले, म्हणाले, "आबांच्याच खात्यात टाकू. आबांना कोण हिशेब मागतंय?" त्या एका वाक्यावर आबा पुढची कितीतरी वर्षं खूश होते.

वर्गणी सगळी रोख यायची. कुणाचे पन्नास हजार, कुणाचे पाचशे. आबा पावती देत नसत, वहीत लिहून घेत. लग्नं लागली, भांडीकुंडी वाटून झाली, की समाजाची बैठक बसायची. आबा पूर्ण हिशेब मोठ्यानं वाचायचे, बैठक "मंजूर" म्हणायची, आणि मग सगळ्यांसमोर घाटावर जाऊन ती वही ताप्तीत सोडायची. जुनी रीत. कुणी किती दिलं हे पुन्हा निघू नये, गरिबाची मान खाली जाऊ नये म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. मलाही ती रीत फार आवडायची, खोटं कशाला बोलू?

मागच्या खेपेच्या लग्नांनंतर वही अशीच सोडली, आणि आबांच्या फोनवर इन्कम टॅक्सचे मेसेज येऊ लागले. तुमच्या मोठ्या व्यवहारांची माहिती आमच्याकडे आहे, रिटर्न दिसत नाही, पोर्टलवर उत्तर द्या. आबांनी मला दाखवले. मी काय म्हणावं? "फ्रॉड आहे, हात लावू नका." शाळेत पोरांना शिकवणारी बाई मी, आणि अक्कल ही एवढी.

मग एक दिवस नोटीस आली. मी ती स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली आणि आबांना समजावून सांगितली. त्या वर्षी तुमच्या बचत खात्यात अठरा लाख रोख जमा झालेत, तुम्ही रिटर्न भरलेलं नाही, तेव्हा ही मिळकत करातून सुटली असं का मानू नये, त्याचं उत्तर पुराव्यासकट द्या.

आबांनी नोटीस माझ्या हातून घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे मी समाजाचे पैसे खाल्ले म्हणतात?"

"नाही आबा. ते तुमचेच आहेत म्हणतात."

हे त्यांना जास्त लागलं.

लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरून आम्ही दोघं रिक्षानं इन्कम टॅक्सच्या वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी कॉम्प्युटरवर आबांच्या नावाची माहिती उघडून दाखवली. बचत खात्यात वर्षभरात दहा लाखांवर रोख गेली की बँकेला ते कळवावंच लागतं, म्हणाले. मग पासबुक बघता बघता थांबले. "सगळ्या रकमा अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास हजार कशा काय?"

"पन्नासच्या वर पॅन नंबर लिहावा लागतो ना," आबा म्हणाले. "काउंटरवरचा म्हणाला, थोडे कमी भरत जा, फॉर्मची कटकट नाही."

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. ज्याला लपवायचं असतं तोही नेमकं असंच करतो, म्हणाले.

आबांनी पिशवीतून मंडपवाल्याची, हलवायाची, भांड्यांच्या दुकानाची बिलं काढली. एकेक सरळ करून टेबलावर मांडली. वकीलसाहेबांनी ती न वाचताच बाजूला ठेवली. "काकाजी, पैसा गेला कुठं हे कुणी विचारत नाहीये. आला कुठून ते विचारतायत. देणाऱ्यांची नावं, त्यांचे पॅन, आणि मी इतके दिले असं त्यांच्या सहीचं पत्र. वही असेल ना?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. वही कुठं आहे हे सांगायला मला लाज वाटली. मीच सांगितलं.

उत्तराला मुदत थोडी होती. आम्ही दारोदार फिरलो. आबांना नावं, आकडे तोंडपाठ होते, पण तोंडपाठ असलेलं कोण धरतं? लोक पाणी विचारायचे, चहा ठेवायचे, "दिलेच होते ना आबा, लग्नात मी हजर होतो," म्हणायचे. कागद पुढं केला की चष्मा सापडायचा नाही. उद्या मलाही विचारतील तू कुठून आणलेस, ही भीती. बहुतेक शेतकरीच; शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत. पण सही म्हटली की हात आखडतो. अध्यक्षांनी सरळच कानावर हात ठेवले. "आबा, माझं नाव नका गोवू. मुलाचा धंदा आहे." लाखाच्या वर दिले होते त्यांनी, आबांकडून भर बैठकीत मोठ्यानं वाचून घेतलेले.

सह्या केल्या त्या पाचशे-हजारवाल्यांनी. डोईफोडिया गावच्या एका म्हातारीनं अंगठा दिला, वर विचारलं, "आणखी कुठं देऊ?" साऱ्या सह्यांची बेरीज एकतीस हजार झाली.

आबा म्हणायचे, मला साहेबांना भेटू द्या, समोर बसून सांगतो. पण आता समोर कुणी नसतं. उत्तरं पोर्टलवर चढवायची, तिकडून पुन्हा नोटीस यायची. मुदतीत रिटर्नही भरलं. शेवटी व्हिडिओवर म्हणणं मांडायची संधी मिळाली. आबांनी टोपी घातली होती. पडद्यावरचे साहेब तरुण होते, नीट ऐकून घेतलं त्यांनी, वाईट बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "याला कागद काय?" आबा म्हणाले, "अख्खा समाज आहे." साहेबांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

आदेश आला. एकतीस हजार सोडून बाकीची रक्कम आबांची, हिशेब न लागलेली. अशा रकमेला कर शंभराला अठ्ठ्याहत्तर, वर व्याज, दंडाची नोटीस वेगळी. तेरा-चौदा लाख नुसता कर. मी म्हटलं, शक्यच नाही. वकीलसाहेब म्हणाले, अपील करू, पण वसुली थांबवायची तर वीस टक्के आधी भरा. आईच्या बांगड्या होत्या, त्या गेल्या. अपील अजून पडून आहे. वकीलसाहेबही आता त्याचं नाव काढत नाहीत.

यंदा पुन्हा सामूहिक लग्नं ठरली. समितीची नोंदणी झाली, खातं उघडलं, छापील पावत्या आल्या. सगळं शहाणपण आलं, आमचं घर धुऊन निघाल्यावर. बैठकीत आबा मागं बसले होते. एका नव्या सभासदानं विचारलं, "पिछली बार का हिशेब बघायला मिळेल का? सरकार उगाच नोटीस पाठवत नाही." अध्यक्ष तिथंच होते. वही सोडताना आबांच्या शेजारी पाण्यात उभे होते ते. खाली सतरंजीकडे बघत राहिले. मला त्या माणसाचा आजही संताप येतो.

आबा उभे राहिले. "वही ताप्तीत आहे," म्हणाले आणि बसले. कुणीतरी हसलं.

काल सकाळी मी भाजीला निघाले होते. आबांनी वीस रुपये दिले, कोथिंबिरीसाठी. मी पिशवी घेऊन दाराशी गेले तर त्यांनी हाक मारली. हातात शाळेची चाळीस पानी वही होती, पेन उघडलेलं. तारीख टाकलेली, माझं नाव लिहिलेलं, पुढं वीस रुपये.

"सही कर," म्हणाले.

मी केली.