शंभर ग्रॅम मोड आणि सासऱ्यांचा तराजू

माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, वजनमाप खात्यात निरीक्षक होते. बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणत, समोर हात जोडून आणि पाठ फिरल्यावर दातओठ खाऊन. निवृत्त झाले तरी जित्याची खोड गेली नाही. दुकानातून आणलेली साखर त्यांच्या पितळी तराजूवर चढल्याशिवाय आमच्या डब्यात पडत नसे. जरा कमी भरली की परत घेऊन जायला मी होतेच. त्या वाटेवर मी मनात काय काय बोलायचे, ते लिहिण्यासारखं नाही.

गेल्या वर्षी ते पाय घसरून पडले आणि पोटरीला खोल जखम झाली. टाके घातले, ते उसवले, आणि मग जखम काही भरेना. सर्जनने स्पष्ट सांगितलं, महिन्याभरात फरक पडला नाही तर मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागेल, आणि या वयात भूल देणं सर्जनलाही नको वाटत होतं. जखम लवकर भरायला काय करता येईल, ते मी तिथेच विचारून घेतलं. कटकटे असले तरी माणूस माझा होता.

जखम भरायला प्रथिनं हवीत, असं दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. बाबा अंडी खात नाहीत, दूध त्यांना सोसत नाही. म्हणून जास्तीची डाळ, शेंगदाणे आणि रोज मूग, मटकी, हरभऱ्याचे मिसळलेले मोड असं ठरलं. बाईंनी एक तक्ताही दिला आणि तिथेच माशी शिंकली.

तक्त्यात लिहिलं होतं, शंभर ग्रॅम कच्च्या मोडांत साधारण नऊ ग्रॅम प्रथिनं आणि शंभर ग्रॅम उकडलेल्या मोडांत साडेसहाच्या जरा वर. बाबांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मी म्हटलं, बाईंना फोन करून विचारू या. पण संशय आलेल्या जागी विचारपूस करायची नसते, माप घ्यायचं असतं, असा त्यांचा नोकरीतला दंडक. शिजवताना प्रथिनं उडतात असा निकाल देऊन ते मोकळे झाले आणि मोड कच्चेच वाढायचं फर्मान निघालं.

कवळीने कच्चे हरभरे चावणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. अर्धी वाटी ताटात राहायची, उरलेली पोटात गुडगुडायची. पुढच्या तपासणीला जखम होती तशीच होती. घरी आल्यावर मी चिडून मोड उकडायला घेतले, तर बाबा दारातून म्हणाले, "तुझ्या पातेल्यात रोज अडीच ग्रॅमची चोरी होते."

आता मात्र माझं डोकं फिरलं. तराजू ओट्यावर आणून ठेवला. तुमचाच काटा, तुमचीच वजनं, काय उडतं ते बघूच, म्हटलं. त्यांनी स्वतः शंभर ग्रॅम कच्चे मोड तोलले. मी ते मऊ होईपर्यंत उकडले, पाणी निथळलं आणि सगळेच्या सगळे पुन्हा पारड्यात घातले. माझ्या मते वजन तेवढंच भरायला हवं होतं. पारडं खाली बसलं. बाबा वजनं टाकत गेले आणि काटा एकशे पस्तीसवर स्थिरावला.

मला काहीच उमगेना. ते मात्र पारड्यावर वाकले, एक फुगलेला हरभरा बोटांत दाबून पाहिला आणि खांदे हलवत हसू लागले. कापसाच्या गासड्या भिजवून वजन वाढवणाऱ्या व्यापाऱ्यांना त्यांनी जन्मभर पकडलं होतं.

"पाणी प्यायलेत हे," ते म्हणाले. "वजन वाढलं, माल तेवढाच आहे. ते नऊ ग्रॅम आता एकशे पस्तीसांत पसरलेत. त्यातले शंभरच उचलले तर साडेसहाच येणार. चोरी कसली, मीच काटा चुकीचा वाचला."

फोनवर बाईंनी तेच सांगितलं. थोडं काही उकळत्या पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी आमटीत घाला. कच्चे मात्र या वयात नकोतच, त्यात जंतूंचं भय असतं आणि शिजवलेले पचतातही बरे. तेव्हापासून मी मोड कच्चे असतानाच तोलायचे, उकडायचे आणि जेवढे होतील तेवढे सगळे वाढायचे. मऊ मोड कवळीलाही मानवले. वाटी चाटूनपुसून साफ व्हायला लागली.

महिना भरत आला तेव्हा सर्जनने जखमेला मोजपट्टी लावली. तळ भरून आला होता, कडा जवळ सरकल्या होत्या. ऑपरेशनची गरज नाही, असं ते म्हणाले आणि मला तिथेच रडू फुटलं. बाबा त्या मोजपट्टीवर सरकारी शिक्का आहे का हे बघतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी सवयीने तराजू काढला, तर त्यांनी माझ्या हातातून वजन घेऊन बाजूला ठेवलं.

"मोजणं राहू दे आता," ते म्हणाले. "तुझ्या हाताने वाढ."