पाडव्याचा विडा

शहापुरात मारुतीराव शेठजींच्या सुताच्या पेढीवर नोकरीचा कागद नसायचा. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झालं की शेठजी एकेका माणसाला नाव घेऊन बोलवायचे आणि विडा पुढं करायचे. घेतला तर तुम्ही पुढच्या पाडव्यापर्यंत बांधलेले. नाही घेतला तर चप्पल पायात घालायची आणि राम राम म्हणायचं. अंबाजीनं आजवर सहा विडे घेतले होते. सातव्याची मात्र त्याला आठ दिवस आधीपासून धडकी भरली होती.

अंबाजी विणकराचा पोरगा. सकाळपासून दिवे लागेपर्यंत सूत तोलायचं आणि डोक्यावर गठ्ठे घेऊन विणकरांच्या दारोदार पोचवायचं, हे त्याचं काम. घरी येऊन तो भूमितीचं पुस्तक उघडायचा आणि त्याच्यावरच डोकं ठेवून झोपायचा. मॅट्रिकला दोनदा बसला, दोन्ही खेपेला गणितात आपटला. इतर विषय सुटले होते, पण उपयोग काय? एकात नापास झालं की सगळे विषय पुन्हा द्यायचे. बेळगावच्या कचेरीत कारकून व्हायचं तर मॅट्रिक पाहिजे, आणि वय पंचविशीच्या आत. त्याला पंचविसावं लागलं होतं. येत्या मार्चची खेप ही शेवटची.

त्याची बायको मालुबाई पोटुशी होती, तरी तिचं मत स्पष्ट होतं. डब्यात साठवलेल्या पैशांवर मार्चपर्यंत रेटता येईल, फक्त कुणी आजारी पडायचं नाही. "झोपंत गणित येतंय व्हय? सोडा नोकरी," ती म्हणाली. अंबाजीला तिच्या धीटपणाचीच भीती वाटली. नोकरी सोडली आणि नापास झालो तर? तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. आणि नोकरी धरून बसलो तर नापास होणार हे तर ठरलेलंच. ही भीती त्याच्या जेवणात उतरली होती. भाकरी मोडायचा आणि तशीच ठेवायचा.

त्याचा बाप भरमू, म्हणजे आप्पा, मागावर बसून हे सगळं ऐकत होता. मागाच्या खड्ड्यात चाळीस वर्षं गेलेला माणूस. अलीकडं डोळे अधू झाले होते आणि मागावर जेमतेम मीठमिरची सुटत होती. हातातलं काम थांबवून तो बोलला.

"नवा ताणा चढवताना जुना समदा कापतोय का आपण? दोन वीत ठेवतोय, त्येला नवं धागं सांधतोय. समदं कापलं की मागाच्या फणीत पुन्यांदा एकेक धागा ओवत बसावं लागतंय."

अंबाजीनं याचा अर्थ घेतला तो असा, की आप्पा नोकरी सोडू नको म्हणतोय. त्याला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. भेकड माणसाला कुणीतरी नको म्हणणारं हवंच असतं.

पाडव्याला पेढीवर समया लागल्या होत्या. शेठजींनी नाव घेतलं. अंबाजी पुढं गेला आणि समोर धरलेल्या विड्याकडं बघत राहिला. हात उचलावा तर मार्च गेला, न उचलावा तर घर गेलं. मागं उभी असलेली माणसं खाकरायला लागली. शेठजींच्या कपाळाला आठी पडली.

"घेऊ का, शेठजी?"

विचारणारा आप्पा होता, तो मागच्या माणसांतून पुढं आला होता. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. त्यानं शेठजींना सांगितलं की पोराला मार्चपर्यंत अभ्यासाला मोकळीक पाहिजे, तोवर त्याच्या जागी मी गठ्ठे वाहतो. पास झाला तर तुम्ही दुसरा माणूस बघा, न्हाय झाला तर ह्येलाच परत घ्या.

"भरमाप्पा, तुमच्यानं गठ्ठा उचलवंल?" शेठजींनी विचारलं. त्यात कुचेष्टा नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. ज्याच्या दारात पेढीचा माणूस सूत घेऊन यायचा, तो आज पेढीचा माणूस व्हायला आला होता.

"उचलाय न्हाय जमलं तर वढत नेतो," आप्पा म्हणाला आणि त्यानं विडा घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आप्पा पेढीवर गेला आणि पहिला गठ्ठा घेऊन घरावरूनच निघाला. अंबाजी दारात उभा राहिला. गल्लीच्या वळणावर बापानं डोक्यावरचा गठ्ठा दोन्ही हातांनी सावरला, जरा थांबला, मग पुढं गेला. हाक मारावी असं अंबाजीला वाटलं.

तो आत येऊन पुस्तक उघडून बसला. माग बंद होता. मालुबाईनं भांडंसुद्धा वाजू दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा घरात एवढी शांतता होती आणि त्याच्यापुढं अख्खा दिवस पडला होता. नापास झालो तर आता दोष कुणाला द्यायचा, हे काही केल्या त्याला सुचेना. पहिलं पान त्याला दोनदा वाचावं लागलं.