सिस्टरचा लेख आणि माझा डावा पाय

सिस्टर पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा माझ्या डाव्या घोट्यावरची जखम सात महिन्यांची झाली होती. घरोघरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या परिचारिका त्या. वय पन्नासच्या पुढे, छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ, आणि स्कूटरला दोन्ही बाजूंनी पिशव्या. चहा कधी घेत नसत. "एका घरी घेतला की सात घरी घ्यावा लागतो आजी, आणि मग सगळं लक्ष बाथरूम शोधण्यात जातं."

आधी त्यांनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला. पायाला रक्त नीट पोचतंय याची खात्री झाल्याशिवाय घट्ट पट्टी बांधायची नसते. मग जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने कड गिरवली आणि चार थरांची पट्टी बांधली. शिरांत साचलेलं रक्त वर ढकलायचं तर दाब हवा, आणि दाब आठवडाभर सलग हवा, असं त्यांनी दोनदा समजावलं. मी दोनदा मान डोलावली.

दर मंगळवारी साडेदहाला त्या यायच्या, पट्टी सोडायच्या, कड गिरवायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या. "पट्टी सैल झालीय म्हणजे सूज उतरली असणार. पण टेपने मोजला तर घोटा आहे तेवढाच!" सहा आठवडे असं चाललं. सातव्या आठवड्यात डॉक्टरांशी बोलून त्यांनी दोन थरांची नवी पट्टी आणली. आणि जखम भरू लागली. सोळाव्या आठवड्यात तिथे नुसती गुलाबी चामडी उरली. सिस्टरनी शेवटचा कागद उजेडात धरला. त्यावर काहीच गिरवायला नव्हतं.

"आजी, तुमच्या पायावर लेख लिहू का?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या कार्यालयात जखमशुश्रूषा विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी होती. तेवीस वर्षं स्कूटर फिरवल्यावर गुडघे बोलू लागलेल्या बाईला ती जागा म्हणजे बसायला खुर्ची. अनुभव भरपूर, पण नावावर छापील असं काही नाही. अर्जाला शुश्रूषेच्या नियतकालिकाने लेख स्वीकारल्याचं पत्र जोडायचं होतं. मुदत दोन महिने.

त्यांनी संमतीपत्र वाचून दाखवलं. नाव येणार नाही, तारखांऐवजी फक्त आठवडे येतील, फोटो पायाचाच. "तरीही ओळखीच्या कोणी ओळखलं तर मी हमी देऊ शकत नाही. नाही म्हणालात तरी पाय तपासायला माझं येणं थांबणार नाही. आणि छापून येईपर्यंत कधीही माघार घेऊ शकता." मी लगेच पेन उचललं. त्यांनी हात धरला. "आत्ता नाही. आधी लेख वाचा, मग सही."

तीन आठवड्यांनी मसुदा आला. सारांश, रुग्णाची माहिती, तपासणी, कालक्रम, उपचार, परिणाम, चर्चा, असे कप्पे पाडलेले. शेवटी 'रुग्णाचे मनोगत' ही जागा कोरी. ती मी भरायची. एकेक वाक्य असं की चिमटीत धरून तपासून ठेवलेलं. चर्चेत लिहिलं होतं: रुग्णाने पहिल्या दिवसापासून पट्टी नियमाने ठेवली, चार थरांनी गुण आला नाही, दोन थरांनी आला, सबब नवी पट्टी अधिक परिणामकारक वाटते.

मी मसुदा खाली ठेवला आणि कपाटातून माझी वही काढली.

मी शाळेपासून रोजनिशी लिहिते. तिथल्या नन्सनी एक शिस्त लावली होती: पेन्सिलने लिहायचं नाही आणि पान फाडायचं नाही. त्या सहा आठवड्यांची पानं काढली. दर बुधवारी एकच मजकूर: 'पट्टी सोडली. वाचनालय.' आणि दर सोमवारी: 'पट्टी बांधली. उद्या सिस्टर.'

चार थरांचा पाय कुठल्याच बुटात जाईना. बुधवारी आणि शनिवारी आम्ही पाचजणी वाचनालयात जमतो, आणि तिथे घरातल्या फाटक्या सपाता घालून जाणं मला मेल्याहून मेल्यासारखं. सिस्टर दुखावतील म्हणून बोलले नाही. दोन थरांवर बूट चढला, तेव्हापासून पट्टीला हात लावला नाही. पट्टी पायावर राहिली, म्हणून जखम भरली.

सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, गप्प बसा ना. जखम भरली, त्यांना जागा मिळेल. कोणाचं काय बिघडतंय?"

"हा लेख वाचून कोणी चार थरांची पट्टी वाईट ठरवेल, त्याचं बिघडेल."

"मग सांगा. पण मी त्या वेळी बाजारात असेन."

मंगळवारी मी सिस्टरसमोर वही उघडली. त्यांनी चष्मा लावला, सहा आठवड्यांची पानं वाचली. चेहरा उतरला. मग आपला कालक्रम काढून शेजारी ठेवला.

"म्हणून सैल व्हायची," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी लिहीत गेले, सूज उतरली, सूज उतरली!"

"सिस्टर, मी खोटं बोलले."

"तुम्ही बोललाच नाहीत. मी विचारलं का कधी? दाराशी तुमचे बूट दर आठवड्याला दिसायचे. त्यांना ओलांडून आत यायचे मी."

"आता लेखाचं काय? मुदत?"

"हा निष्कर्ष तर पाठवता येत नाही. मेट्रनना विचारते."

मेट्रन म्हणजे त्यांच्या वरिष्ठ. त्या म्हणाल्या म्हणे, एकाच रुग्णाचा लेख, त्यात वही कोण बघायला जातंय? ते सांगताना सिस्टर हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "तेवीस वर्षं दुसऱ्यांच्या जखमा उघड्या करून बघतेय. माझीच झाकून ठेवू?"

त्यांनी चर्चा पुरी खोडली आणि नव्याने लिहिली. विषयच बदलला: रुग्ण पट्टी का काढतो, आणि परिचारिकेने काय विचारलं नाही. कालक्रमात माझ्या नोंदी आल्या, पण वाचनालयाचं 'घराबाहेरील ठरलेला कार्यक्रम' झालं. सैल पट्टीचा आपण चुकीचा अर्थ लावला, हेही त्यांनी लिहिलं. लेखाच्या मर्यादा सांगताना लिहिलं, एका पायावरून सगळ्यांच्या पायांविषयी बोलता येत नाही, आणि कोणती पट्टी सरस हे तर यातून मुळीच ठरत नाही. मजकूर बदलला म्हणून नवं संमतीपत्रही आणलं. "जुन्यावर चालणार नाही का?" मी विचारलं. "त्यात तुम्ही गुणी रुग्ण होतात, आजी. आता नाही आहात. पुन्हा वाचा."

वाचलं आणि सही केली. मनोगतात लिहिलं: 'पट्टी दुखत नव्हती. बूट जात नव्हता. मला लाज वाटली.' सिस्टरनी त्यातला एक शब्दही हलवला नाही.

नियतकालिकाच्या तपासनिसांनी दोनदा प्रश्न विचारून लेख परत पाठवला. स्वीकृतीचं पत्र आलं तोवर मुदत उलटून पाच आठवडे झाले होते. ती जागा एका तरुण मुलीला मिळाली. "हुशार आहे," सिस्टर म्हणाल्या. "गुडघेही चांगले आहेत." आणि जिना उतरताना कठडा धरून थोड्या थांबल्या. मी वर उभी होते.

लेख छापून आला तो अंक त्यांनी मला दिला. आता जखम पुन्हा होऊ नये म्हणून मी घट्ट मोजे घालते आणि सिस्टर तीन महिन्यांनी एकदा तपासायला येतात. परवा आल्या तेव्हा स्कूटरवरच्या पिशव्यांत एक तिसरी दिसली. आत रुंद तोंडाच्या, पट्ट्यांनी सैल करता येणाऱ्या सपाता, चार मापांच्या. लेख वाचून मेट्रननीच मंजूर केल्या होत्या. नव्या रुग्णाला पट्टी बांधायच्या आधी सिस्टर त्या घालून बघायला लावतात.

मी पाय पुढे केला.

"पाय नंतर," त्या म्हणाल्या. "आधी वही दाखवा."