शंकासुर आणि लिफ्टचा मेकॅनिक

आमच्या ऑफिसात तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळे तिला शंकासुर म्हणत. कुणी काहीही सांगायला लागलं की या बातमीदारीणबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: पाहिलं की ऐकलं? तिची आई वैतागून सांगायची, शेजारीण आजारी आहे म्हटलं तरी पोरगी विचारते, तू बघून आलीस का? मी शेजारच्या टेबलावर बातम्या तपासायचो आणि या सवयीला पुरता कावलो होतो.

त्या सुमारास सरकारी हॉस्पिटलातली लिफ्ट दार उघडं असतानाच खाली घसरली आणि बाहेर पाऊल टाकणाऱ्या आयाबाईंचा पाय मोडला. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीने, माणसं जास्त भरली होती, असं सांगून हात झटकले. मग त्याच कंपनीचा एक मेकॅनिक शंकासुराला कॅन्टीनमध्ये भेटला. ब्रेकची पट्टी पार झिजलेली त्याने स्वतः पाहिली होती आणि वर कळवलंही होतं. तरी 'तपासणीत ठीक लिहा' असं मॅनेजर म्हणाल्याचं मात्र त्याला कामावरच्या त्याच्या जोडीदाराने सांगितलं होतं. तिने एक गोष्ट पाहिलेली, एक ऐकलेली अशी नोंद केली.

पुढच्या भेटीला तो आमच्या ऑफिसातच आला. ती मलाही मीटिंगच्या खोलीत घेऊन गेली. त्याने खुर्चीच्या टोकावर बसूनच विषय काढला. अंथरुणाला खिळलेले वडील, शाळेतल्या दोन मुली, आणि नोकरी गेली तर घर कोण चालवणार? पेपरने काही पैसे द्यावेत, असं त्याचं म्हणणं होतं. आणि उत्तराची वाट न बघता त्याने सांगून टाकलं, की मॅनेजर ते वाक्य त्याच्यासमोरच बोलले होते.

"गेल्या वेळी जोडीदाराने सांगितलं म्हणालात," ती म्हणाली.

तो म्हणाला, "ताई, तुम्हाला तेच पाहिजे ना? मग माझ्यासमोरच म्हणाले असं लिहा."

ती रागावली नाही. "दादा, पैशाचं नुसतं नाव निघालं आणि तुमचं ऐकलेलं पाहिलेलं झालं. उद्या कंपनी एवढंच विचारेल, किती मिळाले? मग तुम्ही खरंच पाहिलेला ब्रेकही खोटा ठरेल."

तिने त्याला काय करता येईल तेही सांगितलं. नाव छापणार नाही, कुणाला सांगणारही नाही. पण कंपनीने अंदाज बांधला तर तिच्या हातात काही नाही. कामगार संघटनेचा वकील फी घेत नाही, त्याचा नंबर तिने दिला, आणि बातमीसाठी बोलला नाहीत तरी त्याच्याकडे जा म्हणाली. तो समोरचा चहा तसाच टाकून निघून गेला.

मला तिचा भयंकर राग आला. दर महिन्याला पगार घेणाऱ्यांना तत्त्वं सांगायला काय जातं? मी तडक संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, एकाला दिले की उद्या प्रत्येक जण गिऱ्हाईक बघून गोष्ट सांगणार, आणि फुकट खरं सांगणाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. मला ते पटलं नाही असं नाही, पण तो चहाचा कप डोळ्यांसमोरून जात नव्हता.

शंकासुर आपल्या वाटेने गेली. आयाबाईंच्या खाटेशी बसली. सरकारी तपासणीच्या नकलांसाठी अर्ज केला, ठरलेली फी भरली. (तिथे पैसे चालतात का, असं मी खवचटपणे विचारलं. चालतात, कारण पावती मिळते आणि कागद फी बघून बदलत नाही, म्हणाली.) जोडीदाराने आधी दार लावून घेतलं, पण ती पुन्हा पुन्हा जात राहिली, तेव्हा तो बोलला. मॅनेजर ते वाक्य त्याच्याच समोर बोलले होते आणि तेव्हा स्टोअरकीपरही तिथेच होता. दोघांनी वेगवेगळ्या भेटीत तेच सांगितलं. कंपनीची बाजूही विचारून बातमी छापली, एकाही कामगाराचं नाव न घालता.

तरी कंपनीने अंदाज बांधलाच. मेकॅनिकला कामावरून काढलं. त्या आठवड्यात शंकासुराचा डबा रोज भरलेलाच घरी जायचा, आणि मला तिची कीव आली, स्वतःचीही.

बातमीनंतर नेमलेल्या चौकशी समितीपुढे मात्र मेकॅनिक आपणहून उभा राहिला, शेजारी संघटनेचा वकील घेऊन. आम्ही मागच्या बाकावर होतो. कंपनीच्या वकिलाने हसत हसत विचारलं, पेपरवाल्यांनी किती दिले?

"मागितले होते," तो म्हणाला. "दिले नाहीत."

वकिलाचं हसू गेलं. मॅनेजर ते वाक्य तुमच्यासमोर बोलले का, असं त्याने घाईघाईने विचारलं.

मेकॅनिकने एकदा मागे वळून तिच्याकडे पाहिलं. "ब्रेक मी पाहिलाय. मॅनेजरचं मी फक्त ऐकलंय. ते ज्याच्यासमोर बोलले, त्याला विचारा."

उघड्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेला जोडीदार तेव्हा उठून उभा राहिला.