काळे घोटे आणि शेठची गादी

उल्हासनगरच्या एका कापडाच्या दुकानात मी वीस वर्षं उभा आहे. सेल्समन बसला की गिऱ्हाईक जातं, असं आमच्या शेठचं म्हणणं. घोट्यांभोवतीची कातडी काळपट होऊन खाज सुटली, तेव्हा दुकानातला प्रत्येक जण डॉक्टर झाला आणि सगळ्यांनी नायटा ठरवला. मेडिकलवाल्याने पाय न बघताच ट्यूब दिली. मीही शहाणा, कढत पाण्याने आणि साबणाने घासत बसलो. खाज वाढली.

शेवटी अंबरनाथच्या डॉक्टरांनी मला उभं करून पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा दाखवल्या. नडगीवर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला. "नायटा कसला? शिरांच्या झडपा सैल पडल्यात. रक्त खाली साचतं, झिरपतं, त्याचा हा डाग. डाग सहजी जाणार नाही, खाज आटोक्यात येईल." मलम थोडेच दिवस, आंघोळ कोमट, नंतर साधी पेट्रोलियम जेली, आणि सकाळी अंथरुणातच चढवून दिवसभर ठेवायचे घट्ट मोजे. ते मी आठवडाभर घरी परतल्यावर घालत होतो, दुकानात घामाने खराब होतील म्हणून. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

दुपारी थोडा वेळ पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडा, असंही ते म्हणाले होते. हे शेठना सांगितलं, तेव्हा ते गादीवर आडवे होते आणि त्यांचे पाय दोन लोडांवर होते.

"हे दुकान आहे, दवाखाना नाही," शेठ म्हणाले.

त्यांचे घोटे गोरेपान आहेत. उपचार वीस वर्षं चालूच आहेत, फक्त पेशंट चुकलाय.