कडेपासून पाऊण इंच

माझं शिवणकामाचं दुकान बेळगावच्या खासबागेत आहे. प्रत्येक कपड्याला मी एक कार्ड लावते. त्यावर मापं, राहिलेली कामं आणि कोणी काय करायचं ते लिहिलेलं असतं. काम झालं की त्याच्यापुढे खूण. मास्तर याची थट्टा करायचे. "एक दिस माझ्या गळ्यात बी कार्ड अडकवशील बघ. मास्तर, एक नग, दुरुस्ती बाकी."

मास्तरांकडेच मी कोट शिवायला शिकले. त्यांचं दुकान बंद झाल्यावर ते माझ्याकडे येऊन बसू लागले. सत्तरी उलटली होती आणि नजर कमी झाली होती. बाकीचं सगळं त्यांनी सोडून दिलं होतं, पण एक काम त्यांचंच होतं: कापडी काज. मशीनचं काज म्हणजे भोवतीनं दाट दोरा टाकायचा आणि मध्ये चिरायचं. पाच काजं दहा मिनिटांत होतात. कापडी काजाला दोऱ्याची कड नसते. कोटाच्या कापडावर त्याच कापडाची पट्टी उलटी ठेवून बारीक चौकट शिवायची, मधोमध चीर द्यायची, टोकांशी कोपऱ्यापर्यंत तिरकं कापायचं आणि पट्टी त्या भोकातून आत ओढून घ्यायची. मग दोन ओठ मिटल्यासारखं काज दिसतं. कोपऱ्यात कात्री एक धागा कमी गेली तर सुरकुती पडते, एक धागा जास्त गेली तर भोक उसवतं. एरवी थरथरणारा मास्तरांचा हात हे कापायला बसलं की थांबायचा. बेळगावात हे काम करणारं दुसरं कोणी मला माहीत नव्हतं. त्या कामापुरते ते अजून मास्तर होते.

एका वर्षी निपाणीहून एक प्राध्यापिका आल्या. दिल्लीला वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी जाणार होत्या. सोबत गडद निळं लोकरी कापड होतं. त्यांच्या आईनं विड्या वळण्याच्या कामावर असताना ते लेकीच्या कोटासाठी घेऊन ठेवलं होतं, आणि कोट शिवायच्या आधीच आई गेली होती. कापड एका कोटापुरतंच होतं.

"मशीनचं काज करूया," मी म्हटलं. "लवकर होईल."

"नको. मशीनच्या काजाचे दोरे सुटलेले दिसले की आई म्हणायची, हे काय शिवणं झालं? तिच्या कापडावर ते नको."

मास्तर आतून म्हणाले, "आक्का, तुमच्या आईला शिवण कळत व्हती. मी करतो की."

गळ्यापर्यंत बंद होणारा, सरळ पुढ्याचा कोट ठरला. पाच बटणं. अंतर मी काढलं. वरचं काज गळ्याच्या खाली एक इंचावर. दुसरं बरोबर छातीच्या उंचीवर, नाहीतर तिथे कोट उघडा पडतो. या दोन्हींत जे अंतर आलं, तेच खाली तीनदा. शेवटचं काज घेरापासून बरंच वर, चालताना आणि बसताना कोट मोकळा राहावा म्हणून. हे सगळं नीट केलं. मग कार्डावर लिहिलं: काजाची सुरुवात कडेपासून पाऊण इंच.

चूक तिथे झाली. मशीनचं काज शेवटी करतात, कोट पूर्ण झाल्यावर. तेव्हा कड म्हणजे तयार कड. वर्षानुवर्षं मी तशीच मोजत आले होते. कापडी काज आधी करावं लागतं, पुढ्याच्या आतून लागणारी मागची पट्टी जोडण्यापूर्वी. तेव्हा तयार कड नसतेच. असते ती कापलेली कड, आणि तिच्यातला अर्धा इंच पुढे शिवणीत जाणार असतो. पाऊण नव्हे, सव्वा इंच मोजायला हवं होतं.

गडद कापडावरचा खडू मास्तरांना दिसत नसे, म्हणून पांढऱ्या दोऱ्याच्या खुणा मीच घातल्या. उजव्या पुढ्यावर पाच. मास्तरांनी दिवसभर बसून काजं केली. पाचही एकसारखी, एकाही कोपऱ्यात सुरकुती नाही. त्यांनी कापड माझ्यासमोर धरलं. "बघ गं. जमतंय अजून." मी कार्डावर खूण केली.

दुसऱ्या दिवशी मागची पट्टी जोडण्यासाठी मी अर्ध्या इंचावर रेघ ओढली. रेघ काजांच्या अगदी जवळून गेली. पाव इंचही जेमतेम उरत होता. मी टेप पुन्हा लावला, कार्ड वाचलं आणि सगळं कळलं. चीर दिलेलं कापड परत सांधत नाही. दुसरा पुढा काढायला कापड नव्हतं.

मास्तर पलीकडे सुईत दोरा ओवत होते. त्यांना सांगायला तोंड उघडेपर्यंत प्राध्यापिका दारात आल्या. त्या दिवशी माप बघायला बोलावलं होतं, तेही मीच लिहून ठेवलेलं. त्यांनी टेबलावरचा पुढा उचलला. शिवणकाम न येणाऱ्या माणसालाही दिसेल अशी ती रेघ होती.

"काजं इतकी कडेला?" त्यांनी विचारलं. "हे कुणी केलं?"

मी म्हणाले, "मास्तरांनी. वय झालंय त्यांचं, आता दिसत नाही."

इतकं सहज निघालं तोंडातून. मास्तर उठून आले. त्यांनी पुढ्यावरून अंगठा फिरवला, एकेका काजावर थांबत. काहीतरी विचारतील असं वाटलं. त्यांनी हात जोडले. "आक्का, चुकलं. म्हाताऱ्याला माफ करा." मग आपली कात्री फडक्यात गुंडाळली, चपला घातल्या आणि गेले.

कोट मी सावरला. काजांसकट उजव्या पुढ्याची कड कापून काढली. मागच्या पट्टीसाठी ठेवलेलं तेच कापड पुढे जोडलं आणि आतून अस्तराचं कापड लावलं. पुढ्यावर वरपासून खालपर्यंत एक उभी शिवण आली, जी असायला नको होती. काजं मशीनवर केली. प्राध्यापिका कोट घेऊन गेल्या.

मास्तर दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही नाहीत. चौथ्या दिवशी मी निपाणीला फोन लावला आणि चूक माझी होती हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगितलंत का?"

संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेले. ते बाहेरच्या बाकावर बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं: पाऊण, सव्वा, अर्ध्या इंचाची शिवण.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "अंगठा फिरवला तवाच कळलं. ओठ चांगलं व्हतं, जागा चुकलीती."

"मग तिथंच का बोलला नाही?"

"तू बोललीवतीस की आधी." ते थोडे हसले. "आन् जागा चुकली ती माझी बी चूकच. कात्री लावायच्या आधी मी दरवेळी टेप लावायचो. त्या दिशी न्हाय लावला. आकडं दिसत न्हाईत, आन् तुला इचारायची लाज वाटली. तू म्हणालीस ते खोटं न्हवतं गं. खोटं असतं तर मी भांडलो असतो."

"उद्यापासून या. टेप मी वाचीन, तुम्ही कापा."

"न्हाय. आता कात्री उचलली की हात थांबत न्हाय बघ." त्यांनी उजवा हात पुढे केला. काल घरातलं जुनं धोतर घेऊन त्यांनी पाच काजं करून बघितली होती. ती त्यांनी मला दाखवली नाहीत. त्यांच्या सुनेनं नंतर मला सांगितलं, पाचही उसवली होती.

मास्तर परत आले नाहीत. ते काम मी त्यांच्याशेजारी बसून शिकायला हवं होतं. जमेल तेव्हा शिकू म्हणून ते राहूनच गेलं. कापडी काज कोणी मागितलं तर मी सांगते, आमच्याकडे होत नाही.