छावणीतला पंप

छावणीत जुन्या गाड्या विकणाऱ्या एकानं मला पॉवर स्टिअरिंगचा पंप गेलेली गाडी गळ्यात मारली होती. तो राग मनात ठेवूनच मी त्याच्याकडं दुसरी पाहायला गेलो. उभ्या जागी तिचं स्टिअरिंग जड फिरत होतं, पंप कण्हत होता.

‘पंप गेलाय काका, म्हणून भाव उतरवलाय,’ तो म्हणाला.

बॉनेट उघडलं. पट्टा ताठ होता, पण स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीत अगदी तळाशी फेसाळलेलं तेल होतं आणि नळीची क्लिप ढिली. पंप धड होता, नुसती हवा ओढत होता; ते न सांगता मी भाव आणखी पाडला. सौदा झाल्यावर क्लिप आवळली, तेल भरलं, इंजिन चालू ठेवून आतली हवा निघेपर्यंत स्टिअरिंग डावीउजवीकडं फिरवत राहिलो. कण्हणं थांबलं, स्टिअरिंग हलकं झालं.

‘आधी सांगायचं की, काका.’

‘मागच्या पंपाचं तू सांगितलं होतंस व्हय?’

त्यानं हसत चहा मागवला.